बाण

सव्वीस वर्षं मी सिग्नल्सच्या लॅबमध्ये काढली आणि सव्वीस वर्षांत एकाही साहेबासाठी खुर्चीतून उठले नाही. गुडघे दुखतात, असं मी सांगते. दुखतात थोडे, पण तेवढे नाही. प्राचार्य आले तरी मी बसूनच "या" म्हणते, आणि ते बिचारे येतात. लॅब असिस्टंट म्हणजे काय, तर पोरांना वायर शोधून देणारी बाई, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या लॅबमध्ये वायर हरवून बघावी.

आमचं कॉलेज अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये आहे. मी हेंद्रेपाड्यातून रिक्षाने येते. आमचे हे उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहेत. त्यांच्याकडचा उरलेला मार्क्याचा कागद, म्हणजे कापडावर पसरून पॅंटचे भाग आखतात तो लांबलचक कागद, माझ्या लॅबमध्ये येतो. त्याच्या पट्ट्या कापून मी पोरांना देते. एका घरात एक आकडा. आकड्यांची रांग म्हणजे सिक्वेन्स. ज्या आकड्याखाली बाण काढला, ते शून्याचं घर. बाणाच्या उजवीकडे एक, दोन, तीन, डावीकडे उणे एक, उणे दोन. बस, एवढं डोक्यात गेलं की अर्धा विषय खिशात. पुस्तकात वाचून जे कळत नाही ते कागद दुमडल्यावर कळतं, हे मी पैजेवर सांगते.

आणि माझा चार्ट. सात वर्षांपूर्वी ऑइलपेंटने पत्र्यावर रंगवला होता. फळ्याच्या बाजूलाच, एकाखाली एक तीन शब्द, प्रत्येक अक्षर वीतभर: उलट, आवळ, सरक. रांग उलटायची, म्हणजे बाणावर आरसा धरायचा. मग आवळायची, म्हणजे एकाआड एक घर गाळून उरलेली जवळ आणायची. मग सरकवायची. इंग्रजीत यालाच भली मोठी नावं आहेत. पोरं इंग्रजी नावं विसरायची, माझे तीन शब्द नाही. बाहेरच्या परीक्षकांनी त्या चार्टचे फोटो काढून नेलेत. माझा जीव होता त्या पत्र्यावर, खोटं कशाला बोलू.

तो चार्ट रंगवताना ब्रश धुऊन द्यायला एक पोरगी बसली होती, दुसऱ्या वर्षाची. नवसी. बारवी धरणाच्या बाजूच्या एका ठाकरपाड्यावरची. दोन तास चालत आणि मग जीपने यायची, तरी पहिल्या प्रॅक्टिकलला पहिली. बोलायची कमी. वर्गात मागे, लॅबमध्ये पुढे. सेमिस्टरच्या परीक्षेत रांगेचा सम भाग काढायला आला, तर हिने दोन, चार, सहा नंबरच्या घरांतले आकडे उचलून लिहिले आणि दहापैकी शून्य घेऊन आली. सम म्हणजे दोनाने भाग जाणारा, असं शाळेत शिकली होती, तेच इथे लावलं. रडली नाही, माझ्यासमोर पेपर ठेवून उभी राहिली. मी पट्टी घेतली, बाणावर दुमडली आणि म्हटलं, इथे नंबराचा काही संबंध नाही. दुमडल्यावर दोन्हीकडचे आकडे तंतोतंत एकमेकांवर आले, तर रांग सम. आकडे तेच पण चिन्हं उलटी आली, तर विषम. कुठलीही रांग अशा दोन भागांची बेरीज असते, ते दोन भाग वेगळे करायचे. ती पट्टी तिने घरी नेली. पुढच्या परीक्षेत दहापैकी दहा.

तीच नवसी पुढे नवी मुंबईला एम.ई. करून आली आणि यंदा जूनमध्ये आमच्याच कॉलेजात लेक्चररच्या जागेसाठी तिचा अर्ज आला. जागा एक, उमेदवार पाच. बाकीचे चौघं शिकवून आलेले, बोलण्यात पटाईत. हिच्या हातात एम.ई.ची डिग्री, बस एवढंच. तिच्या पाड्यावरून दहावीच्या पुढे गेलेले चौघं, त्यात पोरगी ही एकटी. ही जागा गेली असती तर ती ठाण्याच्या एका कॉल सेंटरला जाणार होती, तिथून हो आलं होतं, मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी कळवायचं होतं. मला ते ऐकूनच चीड आली होती. एवढं शिकून ही पोरगी दिवसभर लोकांचे फोन घेणार?

डेमो लेक्चर सेमिनार हॉलमध्ये होतं, पण तिथला प्रोजेक्टर सकाळीच बसला. म्हणून सगळी वरात माझ्या लॅबमध्ये आली. पहिल्या बाकावर प्राचार्य, आमचे विभागप्रमुख हेमंत सर आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ, पांढऱ्या केसांचे, हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलेलं. मागे तिसऱ्या सेमिस्टरची चाळीसेक पोरं. कोपऱ्यात मी, माझ्या खुर्चीत. हेमंत सरांनी आधीच बजावलं होतं, सुषमाताई, आज काही झालं तरी मध्ये बोलायचं नाही. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे. मीही शब्द दिला होता.

प्रत्येकाला तज्ज्ञ साहेब आयत्या वेळी शिकवायच्या गणिताची चिठ्ठी देत होते. चौघांचं आटोपलं. नवसी शेवटची आली. साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. तिने चिठ्ठी उघडली आणि गणित फळ्यावर लिहिलं. रांग अशी: 2, 5, 4, 1, 6, 3. पाचाखाली बाण. या रांगेचं नाव x, आणि n म्हणजे घराचा नंबर. यावरून y[n] = x[3-2n] काढा, आणि मग त्या y चा सम भाग आणि विषम भाग.

एकाच गणितात सगळं भरलं होतं. उणे चिन्ह आहे म्हणजे उलटणं आलं, दोन आहे म्हणजे आवळणं आलं, तीन आहे म्हणजे सरकणं आलं. पाची जणांत सगळ्यात अवघड चिठ्ठी हिच्याच वाट्याला यायची होती. मी मनात तज्ज्ञांना दोन शिव्या घातल्या.

नवसीने माझ्या टेबलावरची मार्क्याच्या कागदाची पट्टी उचलली, तिच्यावर सहा आकडे लिहिले आणि पोरांना दिसेल अशी फळ्यावर धरली. मग तिने पट्टी तीन घरं डावीकडे सरकवली. फळ्यावरचा बाण जागेवरच, आकडे सरकले, म्हणून आता बाणावर पाचाच्या जागी सहा आला. हा x[n+3], ती म्हणाली. मग बाणापासून दोन्हीकडे एकाआड एक आकडा ठेवला, मधले खोडले. उरले 2, 4, 6, बाण सहाखाली. हा x[2n+3]. मग ते बाणावर उलटवले: 6, 4, 2, बाण सहाखालीच. हा झाला x[3-2n]. म्हणजे शून्याच्या घरात सहा, एकाच्या घरात चार, दोनाच्या घरात दोन, बाकी सगळीकडे शून्य.

आवाज स्वच्छ होता तिचा. मागची पोरं वहीत उतरवत होती. आणि तज्ज्ञ साहेबांनी पेन बाकावर ठेवलं.

ते म्हणाले, उत्तर चुकलंय. क्रमच चुकला. मग भिंतीवर माझ्या चार्टकडे बोट करून म्हणाले, तुमच्याच लॅबमध्ये एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आधी उलटा, मग आवळा, मग सरकवा. तसं केलं तर रांग येते 3, 1, 5, एकाच्या घरापासून सुरू. ते सगळं त्यांनी तोंडी केलं होतं, माणूस हुशार, त्यात वाद नाही. प्राचार्यांनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. हेमंत सर चष्मा पुसायला लागले.

मला कळेना. ही पोरगी बोलत का नाही? चुकली असेल तर चुकले म्हण, नसेल तर नाही म्हण. हातातला खडू तिने दोनदा या हातातून त्या हातात घेतला. मग तिने माझ्याकडे बघितलं, एकदा चार्टकडे बघितलं, आणि खाली बघायला लागली.

मी माझ्या मांडीवरच्या वहीत, घाईघाईने, नुसतं शून्य घालून बघितलं. पोरांना मी हेच सांगते, शंका आली की n ला शून्य द्या. y[0] म्हणजे x[3]. बाणापासून उजवीकडे तिसरं घर. पाचाच्या पुढे चार, एक, सहा. सहा. नवसीकडे शून्याच्या घरात सहा आहे. साहेबांच्या रांगेत शून्याच्या घरात काहीच नाही. म्हणजे पोरगी बरोबर, आणि साहेब चुकले. आणि साहेब का चुकले, तर माझा चार्ट वाचून.

सात वर्षं तो पत्रा भिंतीवर आहे आणि मला कधी कळलं नाही. कसं कळणार? आमच्या प्रॅक्टिकलमध्ये एक तर नुसतं उलटून सरकवायचं असतं, नाहीतर नुसतं आवळायचं. तिथे माझा क्रम चालतो. x[3-n] असेल तर आधी उलटा आणि मग उजवीकडे तीन सरकवा, बिनघोर. पण मध्ये दोन आला की आधी आवळल्यावर तीन घरं सरकवणं म्हणजे मूळच्या रांगेत सहा घरं सरकवल्यासारखं होतं. तीनच सरकवायची तर आवळलेल्या रांगेत दीड घर सरकवावं लागेल, आणि दीड घर म्हणून काही नसतंच. घरं सुटी असतात. उचलायचे होते ते आकडे गाळले जातात आणि गाळायचे ते हातात येतात. हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या, अर्ध्या मिनिटात कळलं.

पोरगी साहेबांना घाबरली नव्हती. माझ्यासमोर माझा चार्ट खोटा पाडायला तिची जीभ उचलत नव्हती. त्यापायी ती हातातली नोकरी घालवायला निघाली होती. मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही. माझ्याकडून हे शिकलीस काय, मूर्ख मुली?

मी उठले. खुर्ची करकरली, हेमंत सरांनी वळून डोळे मोठे केले. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. भिंतीपाशी गेले, चार्ट खिळ्यावरून काढला आणि तोंड भिंतीकडे करून खाली टेकवून ठेवला.

मग मी म्हटलं, "साहेब, हा चार्ट माझा आहे. विद्यापीठाचा नाही, पुस्तकाचा नाही. नवसी, तू बोल. शून्य घाल."

तेवढंच बोलले आणि परत येऊन बसले. शब्द मोडला होता, पण चारच वाक्यांनी मोडला होता.

नवसीने मान वर केली. ती तज्ज्ञांना म्हणाली, सर, आपण दोघांची उत्तरं एकाच घरात तपासू. मग फळ्यावर लिहिलं, n = 0. x[3-0] म्हणजे x[3]. तिने पट्टीवर बाणापासून बोट ठेवत मोजलं, एक, दोन, तीन, आणि सहावर बोट थांबवलं. मग n = 1 घातला, x[1], चार. n = 2, x[-1], दोन. साहेबांची रांग तिने खाली लिहिली आणि शांतपणे सांगितलं की आधी आवळून मग तीन सरकवले तर जे मिळतं ते x[6-2n] आहे, ते दुसऱ्या गणिताचं बरोबर उत्तर आहे, या गणिताचं नाही. चुकलं असं ती म्हणाली नाही. दुसऱ्या गणिताचं बरोबर उत्तर. हे असं बोलणं मी तिला शिकवलेलं नाही, मला ते येतच नाही.

तज्ज्ञ साहेबांनी पेन उचललं, आपल्या कागदावर तीन आकडे तपासले. दोनदा तपासले. मग म्हणाले, "बरोबर आहे. मी भिंत वाचली, गणित वाचलं नाही. पुढे चला."

माणूस मोठा होता, कबूल करते. मनातल्या दोन्ही शिव्या मी परत घेतल्या.

पुढे गाडी सुसाट. मागून धम्मदीप नावाच्या पोराने हात वर केला. तो वर्गातला आगाऊ, पण डोक्याने बरा. म्हणाला, मॅडम, दोन, चार, सहा उरले, म्हणजे हाच सम भाग ना? त्याच्या शेजारचा म्हणाला, अरे पण ते तर उणे एक, एक आणि तीन नंबरच्या घरांतून आलेत, मग तो विषम भाग असणार. वर्गात खसखस पिकली. नवसी हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. ती म्हणाली, मीसुद्धा हेच लिहून आले होते आणि दहापैकी शून्य मिळाले होते, याच वर्गात. प्राचार्यांनी वर बघितलं. दुसरा कोणी उमेदवार असता तर हे झाकून ठेवलं असतं.

मग तिने नवीन पट्टी घेतली. 0, 0, 6, 4, 2, सहाखाली बाण. बाणावर दुमडली आणि उजेडाकडे धरली. चारावर शून्य आला, दोनावर शून्य आला. तिने सांगितलं, समोरासमोरच्या दोन घरांची बेरीज करा आणि निम्मं निम्मं दोघांत वाटा. चार आणि शून्य, दोन्हीकडे दोन दोन. दोन आणि शून्य, दोन्हीकडे एक एक. सहा स्वतःच्याच समोर आहे, तो सहाच राहतो. सम भाग झाला 1, 2, 6, 2, 1. आता बेरजेऐवजी वजाबाकी करा आणि तिचंही निम्मं घ्या. उजवीकडे दोन, तर डावीकडे उणे दोन. उजवीकडे एक, तर डावीकडे उणे एक. मध्ये शून्यच, कारण सहातून सहा गेले. विषम भाग झाला -1, -2, 0, 2, 1. दोन्ही रांगा एकाखाली एक लिहून तिने धम्मदीपलाच बेरीज करायला लावली. तो मोठ्याने म्हणत गेला, शून्य, शून्य, सहा, चार, दोन. मूळ रांग परत आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. डेमोला टाळ्या वाजवत नाहीत, पण कोणी थांबवलं नाही.

बाहेर फाटकाशी तिचे वडील, नाव देऊ, सकाळपासून बसले होते. टोपी मांडीवर. आत यायला सांगितलं तर नको म्हणाले होते. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे चहा घेऊन गेले आणि सांगितलं की तुमच्या पोरीने मोठ्या साहेबांना दाखवून दिलं, आणि मलापण. त्यांनी चहा खाली ठेवला. मग विचारलं, "आन् सायेब रागावला नाय?"

मी म्हटलं, नाही. मीही नाही रागावले.

संध्याकाळी चार वाजता नाव लागलं. पाचांपैकी नवसीचंच. कॉल सेंटरला तिने माझ्यासमोर फोन करून नाही सांगितलं. मग ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली, अगदी तशीच, पेपर घेऊन उभी राहिली होती तशी. मी विचारलं, चार्ट चुकलाय हे तुला कधीपासून माहीत आहे? म्हणाली, एम.ई.च्या पहिल्या वर्षापासून. मग सांगितलं का नाहीस? त्यावर ती म्हणाली, "ताई, शेवटचा शब्द तुम्ही माझ्याकडून रंगवून घेतला होता. 'सरक' माझ्या हातचा आहे. माझीपण चूक आहे ती."

मी तो पत्रा सरळ करून बघितला. खरंच की. तिसऱ्या शब्दाची अक्षरं जरा तिरकी होती. सात वर्षांत ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, टाकून देऊ भंगारात. ती नाही म्हणाली. म्हणाली, शब्द तिन्ही बरोबर आहेत ताई, फक्त उलटे लागलेत.

जुलैत ती रुजू झाली. पहिल्या दिवशी लाल ऑइलपेंटची छोटी डबी आणि ब्रश घेऊन आली. पत्रा टेबलावर आडवा ठेवला आणि शब्दांच्या बाजूने खालपासून वरपर्यंत एक जाड बाण काढला. सरक, आवळ, उलट. बाणाच्या मुळाशी बारीक अक्षरात लिहिलं, शंका आली तर n ला शून्य द्या. वाळल्यावर चार्ट परत त्याच खिळ्यावर गेला. आता x[3-2n] लिहा नाहीतर आणखी काही, खालून वर वाचायचं, बरोबर येतं.

घंटा झाली, पोरं आली, आणि दारातून नवसी आत आली. नवसी मॅडम. मी उठून उभी राहिले. ती गोंधळली, हळूच म्हणाली, ताई, बसा ना, गुडघे. मी म्हटलं, गुडघ्यांना काही झालेलं नाही, वर्ग सुरू कर.

आता बाहेरचे लोक लॅबमध्ये येतात, भिंतीवर बघतात आणि विचारतात, हे कोणी केलं. मी सांगते, शब्द माझे, बाण तिचा.